बारा वर्षांपर्यंत थांबा, असं कुणी सांगितलं?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावातल्या एका शाळेत पालकांसाठी व्याख्यान होतं. बोलणारे डॉक्टर दंतवैद्यच, वयाने माझ्यापेक्षा मोठे, आणि आमची जुनी ओळख. बोलता बोलता त्यांनी एक वाक्य टाकलं : ‘‘सगळे पक्के दात येऊ द्या, बारा-तेराव्या वर्षी काय त्या तारा लावा. त्याआधी पोराच्या टाळूला स्क्रू बसवणारा डॉक्टर दोनदा बिल करायला बसलाय, एवढं लक्षात ठेवा.’’ टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. खरं सांगायचं, तर त्या वाक्याच्या अर्ध्या भागाला मीही टाळी दिली असती. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी अर्धं मान्य करून टाकतो. पुढचे दात थोडे वेडेवाकडे आलेत, दोन दातांत फट आहे, एक दात जरा फिरलाय, अशा मुलांना आठव्या वर्षी तारा लावण्यात बहुतेकदा काही हशील नसतं. सुळे यायचे असतात, जागा बदलत असते, आणि आज सरळ केलेली रांग उद्या पुन्हा मोडते. तिथे थांबणं हेच शहाणपण. पण डॉक्टरांनी ‘टाळूला स्क्रू’ असा शब्द वापरला. तो स्क्रू वेड्यावाकड्या दातांसाठी नसतोच. तो असतो मागच्या दाढांच्या क्रॉसबाइटसाठी, आणि क्रॉसबाइट ही मुळात दातांची तक्रार नाही, ती जबड्याच्या रुंदीची आहे.

स्वयंपाकघरातला पत्र्याचा डबा घ्या. झाकण डब्यापेक्षा किंचित मोठं असतं, म्हणून ते वरून सगळीकडून नीट बसतं. वरचा जबडा हे झाकण. वरच्या दाढांची बाहेरची कड खालच्या दाढांच्या किंचित बाहेर असायला हवी. टाळू अरुंद राहिली, की झाकण डब्याच्या आत जातं. अरुंद राहण्याची कारणं अनेक. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अंगठा चोखणं, तोंडाने श्वास घेण्याची सवय, जीभ खाली पडून राहणं, कधी घराण्याची ठेवण.

आता यातली खोच बघा. टाळू बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी सारखीच अरुंद असते. म्हणजे मूल तोंड मिटायला लागलं, की दोन्हीकडे वरच्या-खालच्या दाढांचे उंचवटे एकमेकांवर टोकाला टोक येतात. तसं चावता येत नाही. मग मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवतं. त्या बाजूला दाढा पूर्ण उलट्या बसतात, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नीट. बघणाऱ्याला वाटतं, उजवीकडचीच काय ती अडचण आहे. खरी अडचण दोन्हीकडे अर्धी-अर्धी असते, आणि जबडा दिवसभर, प्रत्येक घासाला, प्रत्येक गिळण्याला एका बाजूला सरकत असतो.

हे घरीही दिसतं. मुलाला खिडकीसमोर उजेडात बसवा आणि मोठा ‘आ’ करायला सांगा. वरच्या दोन पुढच्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोन दातांमधली रेघ एका ओळीत आहेत का, ते पाहा. मग सावकाश दात मिटायला सांगा. अगदी शेवटच्या क्षणी खालची रेघ एका बाजूला सटकली, तर जबडा सरकतोय. त्याच वेळी गाल ओठाच्या कोपऱ्यातून बोटाने बाजूला करून पाहिलं, तर त्या बाजूला खालच्या दाढा वरच्यांच्या बाहेर आलेल्या दिसतील.

व्याख्यात्या डॉक्टरांच्या ‘थांबा’मागे तीन गृहीतकं आहेत. पहिलं, थांबलं तर काही बिघडत नाही, कदाचित आपोआपच सुटेल. दुसरं, लवकर उपचारांचा फायदा नाही हे संशोधनाने दाखवलंय. तिसरं, बाराव्या-तेराव्या वर्षीही तेच काम होतं, मग घाई कशाला.

‘आपोआप’चं आधी बघू. दुधाच्या दातांच्या वयात, अंगठा सुटला, तर काही मुलांची क्रॉसबाइट खरोखर सुटते. कधी दुधाच्या सुळ्यांची टोकं घासली, की जबड्याची अडखळण जाते आणि तेवढ्यावर भागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला मी स्वतः याच्यापुढे काही करत नाही. पण पक्क्या पहिल्या दाढा आल्यानंतर, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांनंतर, गोष्ट बदलते. स्वीडनमध्ये सोफिया पेट्रेन आणि लार्स बोंडेमार्क यांनी २००८ मध्ये एक सोपी आणि नेमकी चाचणी प्रसिद्ध केली. एका बाजूची क्रॉसबाइट असलेली, दूध आणि पक्के दात मिश्र असलेल्या वयाची ६० मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून पंधरा-पंधराचे चार गट केले. एका गटाला टाळूला चिकटवलेली तारेची स्प्रिंग, जिला आम्ही क्वाड हेलिक्स म्हणतो. दुसऱ्याला काढता-घालता येणारी प्लेट. तिसऱ्याला दाढांवर नुसता भराव. चौथ्याला काहीच नाही. वर्षाने स्प्रिंगवाल्या पंधराही मुलांची क्रॉसबाइट सुटली होती. प्लेटवाल्यांतल्या एक तृतीयांश मुलांची सुटली नाही, कारण प्लेट तोंडात कमी आणि खिशात जास्त होती. भराव निरुपयोगी ठरला. आणि काहीच न केलेल्या पंधरांपैकी एकाचीही आपोआप सुटली नाही. गट लहान होते हे कबूल, पण ‘एकाचीही नाही’ हा निकाल डोळ्यांआड करता येत नाही.

याच मुद्द्याचा घरगुती अवतार मी दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आजी म्हणतात, ‘‘अहो डॉक्टर, दुधाचे दात पडणारच आहेत की. त्यांच्यापायी कशाला खर्च?’’ आजी, दात पडतील, पण टाळू पडणार नाही. नवे दात त्याच अरुंद कमानीत उगवतील आणि जबडा त्याच वाटेने सरकत राहील. वाढत्या वयात जबडा वर्षानुवर्षं एका बाजूला सरकत राहिला, तर सांध्याची एक बाजू पुढे आणि दुसरी मागे अशा स्थितीत वाढ होते. काही मुलांत सुरुवातीची ही नुसती सरकण्याची सवय पुढे हाडातच उतरते. प्रत्येक मुलाची हनुवटी वाकडी होते, असं मी म्हणणार नाही. या बाबतीत अभ्यासांचं एकमत नाही. अडचण एवढीच, की कोणाची होणार आणि कोणाची नाही, हे आठव्या वर्षी कोणालाही सांगता येत नाही. आणि झाल्यावर स्क्रू फिरवून ती मागे येत नाही.

दुसरं गृहीतक जास्त विद्वान आहे, म्हणून जास्त घातक. ‘संशोधनाने दाखवलं’ म्हणतात ते संशोधन खरं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कॅमिला टुलॉक आणि विल्यम प्रॉफिट यांनी वरचे दात खूप पुढे असलेल्या मुलांवर मोठी चाचणी केली. काहींना लवकर उपचार दिले, काहींना नाही, आणि पुढे पौगंडावस्थेत सगळ्यांना तारा लावल्या. शेवटी दोन गटांत फारसा फरक उरला नाही. दात पुढे असलेल्या बहुतेक मुलांसाठी दोन फेऱ्यांच्या उपचारांचा मोठा फायदा नाही, हा निष्कर्ष आमच्या व्यवसायाने मान्य करायला हवाच होता. पण तो होता दात पुढे येण्याबद्दल, म्हणजे जबड्याच्या लांबीबद्दल. क्रॉसबाइट हा रुंदीचा प्रश्न. जबड्याच्या वाढीत रुंदी आधी संपते, लांबी नंतर, उंची सगळ्यात शेवटी. मुलगा मिसरूड फुटायच्या वयात उंच होत असताना त्याचा जबडाही लांब होत असतो, म्हणून लांबीच्या तक्रारींना थांबता येतं. रुंदीचं काम तोवर बरंचसं आटोपलेलं असतं. गंमत म्हणजे ज्या प्रॉफिटच्या चाचणीचा दाखला देऊन ‘थांबा’ म्हटलं जातं, त्यांच्याच पाठ्यपुस्तकात जबडा सरकवणारी मागची क्रॉसबाइट दिसल्यावर लगेच सोडवावी, असं लिहिलंय. आमच्यापैकी प्रत्येकाने ते पुस्तक वाचूनच परीक्षा दिलीय. व्याख्यात्या डॉक्टरांनीसुद्धा.

तिसऱ्या गृहीतकावर जरा थांबतो, कारण खरा तिढा तिथे आहे.

टाळू हे एक हाड नाही. मधोमध, पुढून मागे, एक शिवण आहे. डावं आणि उजवं अशी दोन हाडं तिथे जोडलेली असतात. जिभेचं टोक टाळूवरून मागे नेलं, की मधली उंच रेघ लागते, ती याच शिवणीच्या खाली. टाळू रुंद करायची, तर दाढा बाहेर ढकलून भागत नाही. ही शिवण उसवावी लागते, म्हणजे मधल्या फटीत नवं हाड भरतं. बिर्टे मेल्सन या डॅनिश संशोधिकेने १९७५ मध्ये शवविच्छेदनातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही शिवण वयानुसार कशी बदलते ते दाखवलं. लहानपणी ती रुंद आणि सरळसोट असते. पुढे नागमोडी होते. पौगंडावस्थेत दोन्ही बाजूंच्या हाडांचे दाते एकमेकांत शिरून ती लाकडी पेटीच्या कोपऱ्यासारखी अडकून बसते. गादीची सैल शिवण उसवणं आणि सुताराने घट्ट ठोकलेला सांधा उघडणं यात जो फरक, तोच आठ वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या टाळूत.

शिवण उसवण्याची कल्पना नवी नाही. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल या दंतवैद्याने एका चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूत दोन दाढांमध्ये स्क्रू अडकवला आणि फिरवत राहायला सांगितलं. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांत फट पडली, म्हणजे हाड उघडलं होतं. त्या काळच्या जाणकारांनी हे होऊच शकत नाही म्हणून त्याला उडवून लावलं, आणि शंभर वर्षं ही कल्पना कोपऱ्यात पडली. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी आपल्या रुग्णांवरचे आणि त्याआधी डुकरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले, तेव्हा ती परत आली. एंजेलची मुलगी चौदाची होती, याकडे माझं लक्ष मुद्दाम वेधलं जाईल. बरोबर आहे. शिवणीचं वय आणि जन्मतारीख तंतोतंत जुळत नाहीत. काही मुलामुलींची चौदाव्या-पंधराव्या वर्षीही उघडते. पण ‘काहींची उघडते’ आणि ‘तेव्हा करू, तेच काम होईल’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बाचेट्टी, फ्रांकी आणि मॅकनमारा यांनी २००१ मध्ये वाढीच्या झेपेआधी आणि झेपेनंतर उपचार झालेल्या मुलांची तुलना केली. आधी केलेल्यांत हाडाची रुंदी जास्त मिळाली आणि टिकली. नंतर केलेल्यांत मिळालेली वाढ जास्त करून दातांची होती. म्हणजे हाडाऐवजी दात कलले.

कललेले दात आणि उघडलेलं हाड, यातला फरक एका घरात दोन वेळा पाहिला, म्हणून सांगतो.

साडेआठ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. उजवीकडे क्रॉसबाइट, ‘आ’ केल्यावर रेघा जुळत होत्या, मिटताना खालची रेघ तीन मिलिमीटर उजवीकडे. दातांचे साचे घेऊन मोजलं. दाढांपाशी वरचा जबडा चार मिलिमीटर कमी पडत होता. काढल्यावर थोडं परत येतंच, म्हणून आणखी तीन गृहीत धरून सात ठरवले. वरच्या पक्क्या पहिल्या दाढांवर पट्ट्या, त्यांचे हात दुधाच्या दाढांना टेकलेले, मधे टाळूवर स्क्रू. किल्लीने एकदा फिरवला, की पाव मिलिमीटर. सात मिलिमीटरला २८ वेळा. रोज रात्री जेवणानंतर एकदा, म्हणजे चार आठवडे.

किल्ली आईच्या हाती दिली. तिला दोरा बांधून मनगटाला अडकवायला सांगितलं, म्हणजे हातातून सुटली तरी घशात जायची नाही. पुढून मागे, पूर्ण शेवटापर्यंत फिरवायची. अर्धवट फिरवली, तर पुढचं भोक दिसतच नाही आणि दुसऱ्या दिवशी घरात रडारड. पहिले तीन-चार दिवस मुलीला बोलताना ‘स’ जड जात होता, लाळ जास्त सुटत होती, आणि पोह्यातले शेंगदाणे स्क्रूत अडकत होते. फिरवल्यावर पाच मिनिटं नाकाच्या वर, दोन भुवयांमध्ये दडपण येतं, असं ती म्हणाली. ही तक्रार ऐकली, की मला बरं वाटतं. शिवण ताणली जातेय, याची ती खूण.

नवव्या दिवशी रात्री आईचा फोन : ‘‘डॉक्टर, पुढच्या दोन दातांत फट पडली हो. बिघडलं का काही?’’ बिघडलं नव्हतं. मी तीच वाट पाहत होतो. पुढचे दोन दात दोन वेगळ्या हाडांत असतात; हाडं दूर गेली, तर दातही जातात. चार आठवड्यांनी वरच्या दाढांचे आतले उंचवटे खालच्या दाढांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर टेकले, तेव्हा थांबलो, तार घालून स्क्रू पक्का बंद केला आणि सहा महिने तसाच ठेवला. कारण फटीत हाड भरायला वेळ लागतो. लवकर काढलं, की टाळू परत आकसते. दातांतली फट हिरडीतल्या तंतूंच्या ओढीने आपणच बुजली. खालची रेघ दीड महिन्यातच मध्यावर आली होती. तिला बारा-तेराव्या वर्षी तारा लागणारच नाहीत, असं मी तिच्या आईला सांगितलं नाही. लागू शकतात. मी रुंदीचं काम केलं, रांगेचं नाही.

तिच्याबरोबर तिचा सतरा वर्षांचा दादा येत असे. त्याचीही उजवीकडेच क्रॉसबाइट. त्याला आठव्या वर्षी कुणीतरी सांगितलं होतं, ‘पक्के दात येऊ द्या.’ पंधराव्या वर्षी एका ठिकाणी त्याला असाच स्क्रू बसवला. २४ वेळा फिरवला. फट पडली नाही. ना नवव्या दिवशी, ना विसाव्या. भुवयांमधलं दडपण नाही, फक्त दाढा दुखायच्या. दाढा बाहेरच्या बाजूला कलल्या, त्यांचे आतले उंचवटे खाली लोंबले, त्यावर जबडा टेकून पुढचे दात मिटेनासे झाले. स्क्रू काढला, आणि काही महिन्यांत क्रॉसबाइट जागच्या जागी. मी पाहिलं, तेव्हा एका दाढेच्या बाहेरची हिरडी उतरलेली होती. ‘आ’ करायला लावला. त्याची रेघ तोंड उघडल्यावरही उजवीकडेच होती. बहिणीचा जबडा सरकत होता. त्याचा तिथेच वाढला होता.

आता उलट बाजूच्या अतिरेकाकडेही बोट दाखवतो, नाहीतर व्याख्यात्या डॉक्टरांच्या टाळ्यांना कारण उरतं. अलीकडे चार-पाच वर्षांच्या मुलांनाही हा वेगाने फिरवायचा स्क्रू बसवतात. ते चुकीचं आहे. त्या वयात शिवणी इतक्या सैल असतात, की जास्त जोराने नाकाच्या हाडांचा आकारही बिघडू शकतो. त्या वयात काही करायचंच झालं, तर हळू, हलकी स्प्रिंग पुरते. दुसरं, क्रॉसबाइट नसलेल्या मुलांना घोरणं थांबेल, अभ्यासात लक्ष लागेल, झोपेचा आजार होणार नाही, असं सांगून टाळू रुंद करण्याचा धंदा. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेने २०१९ मध्ये झोपेतल्या श्वासरोधाचा आढावा घेतला. दात-जबड्याचं कारण नसताना नुसत्या प्रतिबंधासाठी टाळू रुंद करायला त्यात पाठिंबा नाही. आणि जिथे खालचाच जबडा मोठा आहे, तिथे टाळू रुंद करून काही काळ बरं दिसतं. पुढे वाढीत खालचा पुन्हा पुढे निघून जातो. ती तक्रार वेगळी, वेळही वेगळी.

म्हणून माझं म्हणणं ‘लवकर’ असं नाही. माझं म्हणणं, पक्क्या पहिल्या दाढा आल्या आणि जबडा सरकताना दिसला, की तेव्हा. साधारण सात ते नऊ-दहा वर्षांची खिडकी.

राहिला दोनदा बिल करण्याचा आरोप. त्या मुलीचं एक बिल झालं, कदाचित बाराव्या वर्षी आणखी एक होईल. दादाचं पहिलं बिल पंधराव्या वर्षी वाया गेलं. मागच्या आठवड्यात त्याच्या टाळूचा स्कॅन आला. पुढच्या भागात शिवणीची रेघ दिसते, मागच्या भागात ती दिसेनाशी झाली आहे. टाळूच्या हाडात थेट चार छोटे स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने एकदा प्रयत्न करता येईल. नाही उघडली, तर भूल देऊन गालाच्या हाडाचे आधार कापून मग रुंदी वाढवायची. वाकडी हनुवटी त्यानंतरही वेगळीच राहील. तिच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘बहिणीच्या वयात आलो असतो, तर माझंही २८ वेळातच झालं असतं का?’’

मी म्हटलं, बहुधा हो.